ज्यांचा उतारा लवकर आटोपतो त्यांजसाठीं



मराठीच्या तासाला उतारा दिला म्हणजे पहिलीं दहा मिनिटें वर्ग अगदीं शांत असतो. वहीचें पान उलटल्याचा किंवा एखादा बांक करकरल्याचा आवाज, याखेरीज कांहीं ऐकूं येत नाहीं. अकराव्या मिनिटाला कोणाची तरी लेखणी खालीं ठेविली जाते, बाराव्याला दुसऱ्याची. मग तीं दोन डोकीं वर येतात, खिडकीकडे पाहतात, शेजाऱ्याच्या वहीकडे पाहतात, आणि शेवटीं आमच्याकडे पाहतात. त्या पाहण्याचा अर्थ "आतां काय?" इतकाच असतो. तास ३५ मिनिटांचा, वर्गांत मुलें ४५, आणि निम्मा वर्ग अजून तिसऱ्या प्रश्नाशीं झुंजत असतो. या "आतां काय"ला काय उत्तर द्यावें, याविषयीं आम्ही जें चुकत चुकत शिकलों, तें येथें सांगण्याचें योजिलें आहे.

आरंभीं आम्हींही तेंच केलें जें सोपें असतें. ज्याचें काम आधीं झालें त्याच्यापुढें दुसरा उतारा ठेविला, आणि तोही संपला तर तिसरा. आम्हांस वाटे, मूल हुशार आहे, त्यास अधिक खाद्य दिलें पाहिजे. त्या वर्षीं वर्गांत एक मुलगी होती. जूनमध्यें तिची लेखणी सर्वांच्या आधीं खालीं ठेविली जात असे. दिवाळीच्या सुमारास ती घंटा होईपर्यंत लिहीतच असल्याचें दिसूं लागलें. आम्हीं तिच्या प्रगतिपत्रकावर "वाचनाचा वेग मंदावला आहे" असा शेरा लिहिला. पत्रक पाहून तिचे वडील शाळेंत आले. ते म्हणाले, घरीं तर ही पुस्तकांवर पुस्तकें संपविते. मग आम्हीं तिची वही काढून तिच्या देखतच पाहिली. पहिल्या चार प्रश्नांचीं उत्तरें स्वच्छ व नेमकीं होतीं. पांचव्या उत्तराचा एकच शब्द लिहिलेला होता, आणि त्याच्या शेजारीं समासांत बारीक बारीक फुलें काढलेलीं होतीं. पानोपानीं तोच प्रकार. विचारल्यावर ती खालीं मान घालून म्हणाली, "सर, लवकर झालें म्हणजे आणखी लिहावें लागतें."

तो शेरा आम्हीं खोडला, पण ती शिकलेली गोष्ट खोडणें तितकें सोपें नव्हतें. चांगलें वाचणाऱ्यास आम्हीं दंड केला होता, आणि तिनें तो चुकविण्याची युक्ति काढली होती. दुसरा उतारा हें पहिल्याच कामाचें दुप्पट माप आहे. तीं पांच उत्तरें ज्या शक्तीनें काढिलीं त्याच शक्तीनें पुढचीं पांचही निघतात. त्यांत नवें असें कांहीं करावें लागत नाहीं, वेळ मात्र भरतो. "शेजाऱ्याला समजावून सांग" हेंही आम्हीं करून पाहिलें. त्याचा शेजाऱ्यास उपयोग होतो, तेव्हां कधीं कधीं तें अवश्य करावें. परंतु रोज तेंच करविलें तर त्या मुलाचें स्वतःचें वाचन जेथल्या तेथें राहतें.

मग काय द्यावें? त्याआधीं एक शंका फेडली पाहिजे. जो लवकर आटोपतो तो खरोखर चांगला वाचतो काय? पुढील वाक्य पाहा:

"गोमक्यानें सावट्यास लुंपट्यांत झिंपुडलें."

यांतल्या एकाही नामास अर्थ नाहीं. तीं आम्हींच रचलीं आहेत. क्रियापदही तसेंच. आतां प्रश्न: सावट्यास कोणीं झिंपुडलें? उत्तर, गोमक्यानें. कोठें झिंपुडलें? लुंपट्यांत. दोन्ही उत्तरें बरोबर, दोन्हींस पूर्ण गुण, आणि उत्तर देणाऱ्यास कांहींच कळलेलें नाहीं. मराठींतील विभक्तीचे प्रत्यय इतके बोलके आहेत कीं "नें" पाहून कर्ता सांपडतो व "त" पाहून जागा सांपडते. चपळ मुलें ही युक्ति फार लवकर उचलतात. प्रश्नांतला शब्द उताऱ्यांत शोधावयाचा, आणि तें वाक्य थोडें फिरवून वहींत उतरावयाचें. अशा मुलाची लेखणीही अकराव्या मिनिटाला खालीं येते.

हा कोण आणि तो कोण, हें ओळखण्यास आम्ही एवढेंच करितों. काम झाल्याचें सांगावयास कोणी आला म्हणजे त्यास पुस्तक मिटावयास लावून "उताऱ्यांत काय झालें तें दोन वाक्यांत सांग" असें म्हणतों. ज्याला कळलें आहे तो क्षणभर थांबतो व आपल्या शब्दांत सांगतो. ज्यानें शब्द जुळविले आहेत तो पहिलें वाक्य पाठ म्हणूं लागतो, आणि दुसऱ्या वाक्याशीं अडखळतो. त्यास पुढचें काम न देतां पुन्हां एकदां वाचावयास पाठवावें. यांत त्याची मानहानि नाहीं. तो वाचलाच नव्हता, एवढेंच त्यास कळतें.

आतां जो खरोखर पुढें गेला आहे त्याच्याविषयीं. आमचा अनुभव असा कीं त्यास नव्या उताऱ्यापेक्षां तोच उतारा पुन्हां द्यावा, मात्र प्रश्न असा असावा कीं ज्यासाठीं तो वेगळ्या रीतीनें वाचावा लागेल. तें काम दहा-बारा मिनिटांत एका टप्प्यापर्यंत यावें, दुसऱ्या दिवशीं पुढें चालवितां यावें, आणि शिक्षकास हांक न मारतां आरंभितां यावें, कारण शिक्षक त्या वेळीं तिसऱ्या प्रश्नावर अडलेल्या मुलांजवळ असतो व असावा. हें नुसतें सांगून समजणार नाहीं, म्हणून एक उतारा आम्हीं स्वतःच रचून वर्गांत वापरला तो येथें देतों.

"भिकाजींच्या मळ्यांत एकच विहीर होती. त्या वर्षीं चैत्र संपेपर्यंत तिचें पाणी पुरलें. वैशाखांत मोट सकाळीं तासभरच चालूं लागली. भिकाजींनीं उंसाचें पाणी तोडलें व वांग्यांच्या वाफ्यांस तेवढें दिलें. शेजारच्या रखमाबाई रोज दोन घागरी नेत. एके दिवशीं त्या आल्याच नाहींत. दुसऱ्या दिवशीं भिकाजींनीं मोट धरण्यापूर्वीं दोन घागरी भरून त्यांच्या दारांत नेऊन ठेविल्या. रखमाबाई म्हणाल्या, 'तुमच्या वाफ्यांचें काय?' भिकाजी म्हणाले, 'वांगीं यंदा थोडीं कमी येतील.' त्या संध्याकाळीं रखमाबाईंनीं भांडीं विसळलेलें पाणी बादलींत सांठवून आणलें व वांग्यांच्या कडेला ओतलें."

मोट म्हणजे बैलांकडून विहिरींतलें पाणी ओढून काढण्याची चामड्याची किंवा पत्र्याची मोठी पखाल. विजेचे व तेलाचे पंप आल्यापासून ती दिसेनाशी झाली आहे, म्हणून हा एक शब्द आम्ही फळ्यावर आधींच समजावून देतों. बाकीचा उतारा पांचवीच्या मुलासही सोपा आहे. सगळे मिळून ७५ शब्द. विहिरी किती होत्या, रखमाबाई किती घागरी नेत, भिकाजींनीं कशाचें पाणी तोडलें, असे पांच प्रश्न त्याखालीं होते, आणि तिघांचीं उत्तरें नऊ मिनिटांत झालीं.

त्या तिघांस आम्हीं पहिलें काम दिलें तें असें: "ज्याचें उत्तर उताऱ्याच्या कोणत्याही एका वाक्यांत नाहीं, परंतु उताऱ्यावरून काढतां येतें, असा एक प्रश्न तयार करा." हें ऐकावयास सोपें वाटतें. पहिल्या दिवशीं आलेले प्रश्न मात्र दोनच जातींचे होते. एकानें विचारलें, "भिकाजींनीं घागरी कोठें ठेविल्या?" याचें उत्तर तर वाक्यांतच पडलेलें आहे. दुसऱ्यानें विचारलें, "भिकाजींस मुलें किती होतीं?" याचें उत्तर उताऱ्यांत कोठेंच नाहीं, आणि काढतांही येत नाहीं. एक प्रश्न फार जवळ पडला, दुसरा कुंपणाबाहेर गेला.

डेव्हिड पीअरसन व डेल जॉन्सन या अमेरिकन अभ्यासकांनीं १९७८ सालीं वाचनावरील आपल्या पुस्तकांत प्रश्नांचे तीन प्रकार सांगितले आहेत, ते येथें उपयोगी पडतात. कांहीं उत्तरें ओळींत असतात. कांहीं दोन ओळी जोडल्या म्हणजे त्यांच्यामध्यें सांपडतात. कांहींसाठीं वाचणाऱ्यास आपल्या डोक्यांतलें कांहीं तरी घालावें लागतें. आम्हीं तिघांस या तीन जागा सांगितल्या व मधल्या जागेचा प्रश्न आणा म्हटलें. दुसऱ्या दिवशीं तिघांपैकीं एकीनें आणला: "रखमाबाई त्या दिवशीं कां आल्या नाहींत?"

लगेच वाद सुरू झाला. एकजण म्हणाला, त्यांना ताप आला असेल. दुसरा म्हणाला, त्या परगांवीं गेल्या असतील. प्रश्न करणारी म्हणाली, नाहीं, विहिरींत पाणी कमी झालेलें त्यांना दिसलें होतें, म्हणून त्या आल्या नाहींत. आम्हीं एवढेंच विचारलें: "हें कोठल्या शब्दावरून?" ती बराच वेळ उताऱ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "घागरी दारांत आल्यावर रखमाबाईंनीं पहिलीच गोष्ट विचारली ती वाफ्यांची. वाफे कोरडे आहेत हें त्यांना आधींच ठाऊक असल्याशिवाय त्या असें कां विचारतील? ताप असता तर त्या तापाचें बोलल्या असत्या."

तापवाला मुलगा सहजासहजीं हटणारा नव्हता. त्याचें म्हणणें, ताप असूनही वाफ्यांचें विचारतां येतें. हें खरें आहे. तापास उताऱ्यांत विरोध नाहीं, पण आधारही नाहीं. पाण्याच्या काळजीस आधार आहे. या दोहोंतला भेद कळणें हेंच या कामाचें फळ होय. म्हणून या कामाच्या शेवटीं आम्ही एक ओळ नेहमीं लिहून घेतों: "माझ्या उत्तराचा आधार, हा शब्द." आधाराचा शब्द न दाखवितां आलेलें उत्तर कितीही सुंदर असो, तें परत जातें. ही एक ओळ नसली तर हुशार मुलें कल्पनेचे पतंग उडवूं लागतात, आणि उतारा खालींच राहतो.

दुसरा मुलगा तिसऱ्या दिवशीं म्हणाला, "ऊस सोडून वांगींच कां राखलीं?" हा प्रश्न तिसऱ्या जागेचा. ऊस वर्षभर जमिनींत राहतो व पाणी फार पितो. वांगीं दर आठवड्यास बाजारांत जातात व त्यांचे पैसे हातीं येतात. हें उताऱ्यांत नाहीं, शेतकऱ्याच्या घरांत आहे. त्या मुलाच्या घरीं मळा होता. एरवीं उत्तरांस सर्वांत उशीर लावणाऱ्यांपैकीं एकानें मागच्या बांकावरून हें उत्तर दिलें, तेव्हां हीं कामें थोड्यांचींच ठेवूं नयेत हें आमच्या ध्यानांत आलें. त्याविषयीं पुढें सांगूं.

आमच्या सर्वांत आवडीचें काम दुसरेंच आहे, आणि तें केवळ मराठींतच इतकें चांगलें साधतें. या उताऱ्यांत "च" हें अव्यय तीन ठिकाणीं आलें आहे: "एकच विहीर", "तासभरच चालूं लागली", "आल्याच नाहींत". मुलांस सांगावें, एकेक "च" काढा, वाक्य मोठ्यानें वाचा, आणि काय हरवलें तें लिहा.

"भिकाजींच्या मळ्यांत एक विहीर होती." येथें फारसें बिघडत नाहीं, गोष्टीचा आरंभ साधा होतो. परंतु पुढें पाणी आटेल तेव्हां दुसरा आसरा नाहीं, ही सूचना निघून जाते. "वैशाखांत मोट सकाळीं तासभर चालूं लागली." हें वाचून एक मुलगा दचकलाच. तो म्हणाला, "सर, आतां असें वाटतें कीं मोट आधीं चालतच नव्हती, ती वैशाखांत सुरू झाली!" एक अक्षर गेलें आणि पाण्याच्या तुटवड्याची वार्ता पाणी आल्याची वार्ता झाली. शब्दकोशांत "च"ला एवढें वजन असेल असें कोणास वाटत नाहीं.

तिसरा "च" सर्वांत खोल आहे. "एके दिवशीं त्या आल्या नाहींत." ही नुसती नोंद झाली, हजेरीपुस्तकांतल्यासारखी. "एके दिवशीं त्या आल्याच नाहींत." यांत कोणी तरी वाट पाहत होतें. कोण? उताऱ्यांत सांगितलेलें नाहीं, पण मळ्यावर भिकाजीच आहेत. त्या एका अक्षरावरून कळतें कीं मोट चालवितां चालवितां त्यांचें लक्ष बांधाकडे होतें. दुसऱ्या दिवशीं आधीं घागरी भरून नेण्याचें कारणही तेथेंच आहे. हें ज्या मुलानें एकदां पाहिलें तो पुढें कोणत्याही पुस्तकांत "च", "तरी", "सुद्धां", "मात्र" यांवरून घसरत जात नाहीं. "पाणी द्या", "पाणी तरी द्या", "पाणीच द्या" यांत मागणारा किती निरनिराळा दिसतो, हें घरीं जेवतांना करून पाहण्यासारखें आहे. मागणाऱ्याची तहान तीच, पण दुसऱ्या वाक्यांत तो जेवणाची आशा सोडून बसला आहे, आणि तिसऱ्यांत त्यानें सरबत नाकारलें आहे.

या कामांत एक धोका आहे. मुलें प्रत्येक "च"ला कांहीं तरी गूढ अर्थ चिकटवूं लागतात. "आतांच", "लगेच", "तसेंच" यांतला "च" शब्दाशीं इतका जुळला आहे कीं तो सुटा काढून कांहीं लाभत नाहीं. तेव्हां "कांहीं हरवलें नाहीं" हें उत्तरही बरोबर असूं शकतें, असें आम्ही आरंभींच सांगून ठेवितों. तें सांगितलें नाहीं तर मूल जें दिसत नाहीं तेंही पाहिल्याचें लिहितें.

तिसरें काम संक्षेपाचें. शाळेंत "एक तृतीयांश सारांश" सर्वांस माहीत आहे; ७५ शब्दांचे २५ करावयाचे. त्यावर थांबूं नये. पुढें म्हणावें, आतां हेंच एका वाक्यांत सांगा, आणि "भिकाजी", "रखमाबाई", "घागर", "वांगीं" यांपैकीं एकही शब्द वापरूं नका. नऊ मिनिटांत उत्तरें लिहिणाऱ्या त्या मुलांपैकीं एकाचा पहिला सारांश असा होता: "मळ्यांत एकच विहीर होती. वैशाखांत मोट तासभर चालली. रखमाबाई आल्याच नाहींत. भिकाजींनीं दोन घागरी दारांत ठेविल्या. रखमाबाईंनीं पाणी ओतलें." शब्द १९ च, मापांत बसला. पण ज्यानें उतारा वाचलेला नाहीं त्यास हा सारांश दाखवा. रखमाबाई कोण, त्या कोठें यावयाच्या होत्या, आणि पाणी कोठें व कां ओतलें, यांतलें त्यास कांहींही कळणार नाहीं.

ॲन ब्राऊन व जीन डे या अमेरिकन संशोधिकांनीं १९८३ सालीं पांचवीपासून महाविद्यालयापर्यंतच्या विद्यार्थ्यांचे सारांश तपासून पाहिले. अनावश्यक भाग गाळणें लहान मुलांसही साधतें. पण उताऱ्यांत नसलेलें, सगळ्याचें सार सांगणारें वाक्य स्वतः रचणें हें फार उशिरां येतें, आणि मोठ्या विद्यार्थ्यांसही जड जातें, असें त्यांस आढळलें. आमच्या त्या मुलानें गाळण्याचेंच काम केलें होतें. नांवें वर्ज्य करितांच त्याची पंचाईत झाली, कारण आतां गाळून भागेना. दोन दिवस तो वाक्य लिहीत व खोडीत होता. तिसऱ्या दिवशीं त्यानें हें आणून दिलें: "उन्हाळ्यांत विहिरीचें पाणी आटलें तेव्हां दोन शेजाऱ्यांनीं, एकमेकांस न मागतां, आपल्या वांट्याचें थोडें थोडें एकमेकांस दिलें." शब्द १६. "आटलें", "न मागतां", "वांट्याचें" हे तीन शब्द उताऱ्यांत कोठेंच नाहींत, आणि उतारा त्यांच्यावरच उभा आहे. आम्हीं ती चिठ्ठी परत दिली नाहीं, ठेवून घेतली.

चौथें काम म्हणजे हीच गोष्ट रखमाबाईंच्या तोंडून सांगणें. तें मुलांस फार आवडतें, म्हणूनच आम्ही तें क्वचित् देतों. त्यांत भाषा फुलते, पण आधाराची ओळ सक्तीनें घेतली नाहीं तर दुसऱ्याच वाक्याला रखमाबाईंची सासू, नणंद व एक साप प्रवेश करितात.

हीं कामें आम्हीं जाड कागदाच्या पत्रांवर लिहून कापडी पिशवींत घालून खिडकीच्या दांडीला अडकविलीं आहेत. एका पत्रावर एकच काम, आणि तें कोणत्याही उताऱ्यास लागू पडेल अशा शब्दांत. मुलानें उठावें, पत्र घ्यावें, बसावें. ही सोय करितांच पहिल्याच आठवड्यांत जें बिघडलें तें सांगितलें पाहिजे. पत्र मिळावें म्हणून मुलें उत्तरें कशींबशीं उरकूं लागलीं! पूर्वीं दंड होता म्हणून एक मुलगी रेंगाळली. आतां बक्षीस झालें म्हणून दहाजण धांवूं लागले. त्यावर वर सांगितलेली पुस्तक मिटून दोन वाक्यांची परीक्षा हाच उपाय ठरला. ती शेजाऱ्यापुढें हलक्या आवाजांत द्यावयाची; शेजाऱ्यानें मान हलविली तरच पिशवीकडे जावयाचें. शेजारी सहसा भीड धरीत नाहींत.

दुसरें असें बिघडलें कीं मुलांनीं लिहिलेल्या चिठ्ठ्या आमच्या टेबलाच्या खणांत साठूं लागल्या व आम्हीं त्या वाचल्याच नाहींत. तीन आठवड्यांत पिशवीकडे जाणें बंद झालें. ज्या लिहिण्यास कोणी वाचक नाहीं तें मूल कां लिहील? आतां आम्ही दर शुक्रवारीं तासाच्या शेवटच्या पांच मिनिटांत दोन चिठ्ठ्या वर्गापुढें वाचतों, एक चांगली व एक फसलेली, नांव न सांगतां. सर्व चिठ्ठ्या तपासण्याची प्रतिज्ञा करूं नये, ती मोडते. दोन वाचल्या जातात हें ठाऊक असलें म्हणजे पुरतें.

तिसरी गोष्ट मागच्या बांकावरील त्या मुलाची. पिशवी नेहमीं त्याच सहा-सात जणांच्या हातीं जाऊं लागली तर बाकीच्या वर्गास तीं कामें म्हणजे आपल्यासाठीं नव्हेत असें वाटूं लागतें. वास्तविक "च" काढून पाहण्यास वेगाची गरजच नाहीं. म्हणून पंधरवड्यांतून एकदां आम्ही पांच प्रश्न अजीबात देत नाहीं. सगळ्या वर्गास एकच पत्र देतों व सगळा तास त्यावर घालवितों. त्या दिवशीं लेखणी खालीं ठेवण्याची शर्यत नसते. आणि असें पुष्कळदां दिसतें कीं जो रोज उशिरां आटोपतो त्याचा प्रश्न मधल्या जागेचा निघतो, कारण तो प्रत्येक ओळीजवळ थांबलेला असतो.

पालकांसाठीं एक विनंति. मूल घरीं अभ्यास लवकर आटोपून आलें तर त्यास "आणखी एक धडा वाच" म्हणूं नये. वर्तमानपत्रांतली एखादी लहानशी बातमी, आठ-दहा ओळींची, त्याच्यापुढें ठेवावी आणि विचारावें: या बातमींत कोणाचें म्हणणें आलेलें नाहीं? रस्ता रुंद झाल्याची बातमी असेल तर कंत्राटदार बोललेला असतो, नगराध्यक्ष बोललेले असतात. ज्याचें दुकान हललें तो बोलला आहे काय? मूल म्हणेल, "नाहीं." मग एवढेंच विचारावें, "त्याला आपण कोणते दोन प्रश्न विचारले असते?" याला शिकलेलाच पालक लागतो असें नाहीं. बातमी मुलानें वाचून दाखवावी, व आईनें चुलीपासून प्रश्न विचारावा. ज्या घरीं वर्तमानपत्र येत नाहीं तेथें दुकानाची जाहिरात किंवा मुंबईहून आलेलें मामाचें पत्रही चालतें. पत्रांत मामानें काय लिहिलें नाहीं, हें तर आईस मुलाहून आधीं कळतें.

समासांत फुलें काढणारी ती मुलगी पुढल्या वर्षीं आमच्याच वर्गांत होती. विहिरीचा उतारा तिनेंही वाचला. तिचा प्रश्न आम्हीं अजून पिशवींतल्या एका पत्राच्या पाठीवर लिहून ठेविला आहे: "रखमाबाईंनीं पाणी संध्याकाळींच कां आणलें?" त्या दिवशीं वर्गांत दोन उत्तरें निघालीं. उन्हाळ्यांत संध्याकाळीं घातलेलें पाणी लवकर वाळत नाहीं, हें एक. संध्याकाळीं भिकाजी मळ्यांत नसतात, हें दुसरें. पहिल्याचा आधार शेतींत आहे. दुसऱ्याचा आधार उताऱ्यांत कोठें आहे तें शोधण्यांत घंटा झाली, आणि पांच-सहा मुलें मधल्या सुटींतही उतारा हातांत घेऊन बसलीं होतीं.